गुडघा बाजूला वाकत नाही

दुकानात मिळणाऱ्या किंवा पुस्तकातून कापून घेतलेल्या पुठ्ठ्याच्या सांगाड्याचे पाय हलवून पाहा. हसरी कवटी, समोरून काढलेलं चित्र, आणि प्रत्येक सांध्यात दोन पाय फाकवून बसवायची पितळी पिन. गुडघ्याखालचा भाग धरून ओढला, की तो डावीकडे किंवा उजवीकडे जातो. कोपरही तसंच बाजूला वळतं. मुलांना हे बाहुलं फार आवडतं, ती त्याला नाचवतातही. पण माणसाचा गुडघा असा बाजूला गेला, तर त्याला थेट अस्थितज्ज्ञाकडे न्यावं लागेल. सपाट पुठ्ठ्यात पिन ठोकली, की तुकडा त्या पुठ्ठ्याच्या पातळीतच फिरणार. खरा गुडघा मात्र त्या पातळीतून बाहेर, मागच्या बाजूला वाकतो. म्हणजे नावं बरोबर शिकवणारं हे खेळणं हालचाल नेमकी चुकीची शिकवतं.

चौथीच्या वर्गासाठी पुठ्ठ्याच्या सांगाड्याची रिले शर्यत घ्यायची ठरवली, की खरा प्रश्न इथून सुरू होतो. शर्यत सोपी असते. फरशीवर खडूने माणसाची आकृती काढायची, आठ-दहा मीटरवर हाडांची पिशवी ठेवायची, आणि एकेका मुलाने धावत येऊन एकेक हाड जागेवर ठेवायचं. मुलं आनंदाने धावतात. अवघड भाग दोनच आहेत. धावण्याच्या घाईत नाव आणि जागा डोक्यात राहील, असे नियम करायचे. आणि प्रत्येक सांधा अशा वस्तूने जोडायचा, की तो खऱ्या सांध्यासारखाच हलेल आणि जिथे खरा सांधा अडतो तिथेच अडेल.

कागदाचे तुकडे जोडून शरीर समजून घेण्याची कल्पना जुनी आहे. आंद्रेआस व्हेसालिअस याने 1543 साली शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी त्याची एक संक्षिप्त आवृत्तीही काढली. तिच्यात कापून एकमेकांवर चिकटवायच्या आकृत्यांची पानं होती. पाचशे वर्षांपूर्वी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हातात कात्री होतीच.

आता पुठ्ठ्याकडे वळू. खोका शक्यतो मोठ्या वस्तूचा, फ्रीजचा किंवा वॉशिंग मशीनचा घ्यावा. त्याचा पाच पदरी पुठ्ठा मांडी, दंड, नडगी अशा लांब हाडांसाठी चांगला. किराण्याच्या खोक्याचा तीन पदरी पुठ्ठा हात-पायांच्या पंजांना पुरतो. कापताना एक गोष्ट पाळावीच लागते. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी हाडाच्या लांबीच्या दिशेने गेल्या पाहिजेत. त्या आडव्या आल्या, तर दुसऱ्याच फेरीत मांडीचं हाड मधोमध वाकतं, आणि मग मुलं त्या वाकलेल्या जागेलाच सांधा समजतात. सांधा हाडात नसतो, दोन हाडांमध्ये असतो, हेच तर त्यांना दाखवायचं असतं. कापण्याचं काम मोठ्या माणसाने कटरने करावं. आखणी मात्र मुलांकडून करून घ्यावी.

मापं घ्यायची ती वर्गातल्याच एखाद्या मुलाची. नऊ वर्षांच्या मुलाची उंची साधारण 130 सेंटिमीटर असते. माणसाचं मांडीचं हाड उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त असतं, म्हणजे या मापाने 34 सेंटिमीटरच्या आसपास. हे हाड शरीरातलं सगळ्यांत लांब. ते मुलाच्या मांडीला लावून दाखवलं, तर वरचं टोक कंबरेच्या बरंच खाली येतं, आणि मुलांना पहिला धक्का बसतो. त्याबद्दल पुढे येईलच.

हाडांची टोकं मात्र कार्टूनमधल्यासारखी, दोन्हीकडे दोन-दोन गोळे असलेली, कापू नयेत. तशी कापली तर सगळी हाडं एकसारखी दिसतात, आणि मुलं फक्त लांबी पाहून ती ठेवतात. खऱ्या हाडाचं टोकच सांगत असतं, की इथे कोणता सांधा आहे. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी आतल्या बाजूला झुकलेला गोळा असतो. दंडाच्या हाडालाही वर गोल डोकं असतं आणि खाली रुंद, आडवं टोक. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. त्यांतल्या करंगळीकडच्या हाडाचं वरचं टोक नळ दुरुस्त करणाऱ्याच्या पान्यासारखं खाच असलेलं असतं, आणि ती खाच दंडाच्या आडव्या टोकाला पकडते. एवढे तीन आकार नीट कापले, तरी अर्धं कोडं मुलं स्वतः सोडवतात. गोळा कुठे बसेल आणि खाच कुठे अडकेल, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

नावांबद्दल फारशी काळजी नको. मुलांच्या तोंडात बरीच नावं आधीच असतात: कवटी, जबडा, बरगड्या, मणके, माकडहाड, खुबा, नडगी, गुडघ्याची वाटी, टाच. पाठीवरच्या तिकोनी हाडाला फरा म्हणतात, हे काहींना मटणाच्या दुकानामुळे ठाऊक असतं. जिथे रोजच्या बोलण्यात वेगळं नाव नाही, तिथेच इंग्रजी नाव द्यावं: हातातलं अंगठ्याकडचं हाड रेडियस, करंगळीकडचं अल्ना, आणि पायातलं नडगीच्या बाहेरचं बारीक हाड फिब्युला. पहिल्या दिवशी सोळा तुकडे पुरतात. कवटी, मणक्यांची रांग, बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड हे चार, आणि हात-पायांचे दोन्ही बाजूंचे मिळून बारा. दुसऱ्या दिवशी पुढच्या हाताचा एक तुकडा काढून त्या जागी दोन द्यायचे, नडगीशेजारी फिब्युला ठेवायचं, आणि गळ्याची हाडं, फरे व गुडघ्याच्या वाट्या वाढवायच्या.

आता एक फेरी सुरुवातीपासून पाहू. बत्तीस मुलांचा वर्ग, आठ-आठ जणांचे चार संघ, प्रत्येक संघाला सोळा हाडं आणि एक आकृती. आकृती काढण्यासाठी एका मुलाला उताणं झोपवतात आणि त्याच्याभोवती खडू फिरवतात. हात अंगापासून जरा दूर आणि तळवे वर. ही स्थिती नंतर उपयोगी पडते. शर्यत मैदानावर घेण्याचा मोह होतो, पण वाऱ्याची एक झुळूक आली, की बरगड्यांचा पिंजरा शेजारच्या संघात जाऊन पडतो. व्हरांडा किंवा हॉल बरा. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन मऊ पडतो, म्हणून दिवाळीनंतरचा काळ या खेळाला जास्त योग्य.

पहिला नियम पिशवीचा. मुलाने न पाहता हात घालायचा आणि जे हाताला लागेल ते घ्यायचं. हा नियम नसेल, तर पहिली चार मुलं चार कवट्या घेऊन पळतात आणि शेवटच्या दोघांच्या वाट्याला नेहमी पुढचे हात आणि नडग्या येतात. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. आकृतीजवळ पोचल्यावर हाड खाली ठेवण्याआधी ते स्वतःच्या शरीरावर टेकवायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं. नाव आठवलं नाही, तर रांगेतल्या मुलांनी बोलायचं नाही. आपापल्या अंगावर हात ठेवून दाखवायचं. तिसरा नियम असा, की ज्याची पाळी आहे त्याला हवं तर नवं हाड न आणता आधीच चुकीचं ठेवलेलं एक हाड दुरुस्त करता येतं. शेवटी घड्याळातली वेळ घ्यायची, आणि प्रत्येक चुकीच्या हाडामागे दहा सेकंद वाढवायचे. या दहा सेकंदांनी खेळाचं रूप पालटतं. पहिल्या डावात सगळे नुसते पळतात. दुसऱ्या डावात रांगेतून कुणीतरी ओरडतं, “थांब थांब, अंगठा बघ आधी!”

चुका ठरलेल्याच होतात, आणि त्यांतून बरंच कळतं. सर्वांत पहिली चूक डाव्या-उजव्याची. आकृती उताणी असते आणि मूल तिच्या पायाशी उभं राहून तिच्याकडे पाहत असतं, त्यामुळे आकृतीचा डावा हात मुलाच्या उजव्या बाजूला येतो. यावर समजावणं चालत नाही. मुलाला आकृतीशेजारी उताणं झोपायला सांगायचं. झोपलं, की चूक त्याची त्यालाच दिसते. दुसरी चूक म्हणजे मांडीचं हाड उलटं ठेवणं, गोळा गुडघ्याकडे. तिसरी चूक मला सगळ्यांत आवडते. दुसऱ्या दिवशी मुलं हातातली दोन हाडं पायात ठेवतात आणि पायातली हातात. हात आणि पाय एकाच पद्धतीने बांधलेले आहेत, वर एक हाड, मग दोन, मग बारक्या हाडांचा गठ्ठा आणि शेवटी बोटं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तरी चुकताना त्यांनी ते ओळखलेलं असतं. अशा वेळी दहा सेकंदांचा दंड लावावा की सूट द्यावी, यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं अजून एकमत नाही.

हाडं जागेवर बसली, की दुसरी फेरी हालचालींची. पिशवीत आता हाडांऐवजी चिठ्ठ्या असतात: पाणी पिणं, चेंडू मारणं, किल्लीने कुलूप उघडणं, मानेने “नाही” म्हणणं, हात वर करून “हजर” म्हणणं. शेजारी जोडायचं सामान ठेवलेलं असतं: कापडी टेपचे तुकडे, सुतळीचे छोटे तुकडे, आणि संपलेल्या चिकटपट्टीची रिकामी रिंग. चिठ्ठी वाचायची, ती हालचाल स्वतः करून पाहायची, कोणता सांधा हलला ते दाखवायचं, आणि त्याला योग्य वाटणाऱ्या वस्तूने तो सांगाड्यावर जोडायचा. पितळी पिन सामानात ठेवूच नये.

पाणी पिण्याची चिठ्ठी आली, तर कोपर. कोपर बिजागरीसारखं एकाच दिशेने उघडझाप करतं. दंडाचा तुकडा आणि पुढच्या हाताचा तुकडा टोकाला टोक भिडवून ठेवायचे आणि वरून कापडी टेप लावायची. टेप ज्या बाजूला असेल त्या बाजूला घडी पडते. उलट दिशेने नेलं, तर पुठ्ठ्याच्या जाड कडा एकमेकींना अडतात आणि हात सरळच राहतो. म्हणून पाच पदरी पुठ्ठा लागतो. तीन पदरी असेल, तर कडा दबतात आणि हात मागेही वाकतो. तळवा वर असलेल्या आकृतीत कोपराची टेप पुढच्या बाजूला हवी. खऱ्या कोपरातही साधारण असंच होतं. हात सरळ केला, की कोपराचं टोकदार हाड दंडाच्या मागच्या खळग्यात जाऊन बसतं आणि पुढची हालचाल थांबते. एखादी मुलगी लगेच हात पुढे करून म्हणते, “बाई, माझा मागे पण जातो.” तिचं बरोबर असतं. काही मुलांचे बंध सैल असतात आणि कोपर सरळ रेषेच्या थोडं पलीकडे जातं. त्यात काही आजार नसतो.

मग चेंडू मारणाऱ्याची पाळी येते. तो कोपर पाहून आलेला असतो, म्हणून गुडघ्यालाही टेप पुढूनच लावतो. पाय उचलून हलवतो, आणि नडगी पोटाकडे वर येते. सगळा वर्ग हसतो. टेप काढून मागून लावायची, बस. जमिनीवर पडलेल्या आकृतीत नडगी मागे वाकवता येत नाही, फरशी आडवी येते. म्हणून पाय उचलून धरावा लागतो किंवा सांगाडा बाकाच्या कडेला घ्यावा लागतो. खेड्यातल्या शाळेत याच वेळी कुणीतरी कोंबडीची आठवण काढतं: तिचा गुडघा तर उलटा असतो! कोंबडीच्या पायात मध्यभागी मागे दिसणारा तो सांधा म्हणजे तिचा घोटा. तिचा खरा गुडघा वर, पिसांच्या आत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच वाकतो. एवढं सांगून पुढे जावं, नाहीतर उरलेला तास कोंबडीवर जातो. एका बाबतीत पुठ्ठ्याचा गुडघा खरा नाही, हेही सांगून टाकावं. गुडघ्यात हाड हाडाला तसं अडत नाही. तिथे पाय पुढे जाऊ न देण्याचं काम सांध्याच्या आतले आणि मागचे बळकट बंध करतात. खेळाडूंचे बंध तुटल्याच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे हे त्यांना पटकन कळतं.

“हजर” म्हणण्याच्या चिठ्ठीला टेप चालत नाही. खांदा पुढे, मागे, बाजूला, गोल, सगळीकडे फिरतो. तिथे दोन्ही तुकड्यांना भोक पाडून सुतळीचा सैल फास घालायचा. खुबाही असाच उखळीचा सांधा, पण त्याचा फास आखूड ठेवायचा. खुब्याची उखळ खोल असते आणि मांडीचा गोळा तिच्यात बराच आत बसतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्याची वाटी उथळ असते. हाताला मोकळेपणा मिळतो, पण शरीरात सगळ्यांत जास्त वेळा निखळणारा मोठा सांधाही तोच. फास किती लांब, एवढ्यावर हा फरक मुलांच्या हाताला कळतो. फरा मात्र बरगड्यांना चिकटवू द्यायचा नाही. हात पूर्ण वर नेताना साधारण एक तृतीयांश काम फऱ्याच्या फिरण्याने होतं. एकाने हात हळूहळू वर न्यावा आणि दुसऱ्याने त्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवावं. टोक बाहेर सरकताना स्पष्ट जाणवतं.

सगळ्यांत जास्त वेळ कुलपाच्या चिठ्ठीला द्यावा. किल्ली फिरवताना काय फिरतं, असं विचारलं, तर सगळे म्हणतात, मनगट. मोठी माणसंही हेच म्हणतात. पडताळा सोपा आहे. मित्राने तुमचा हात मनगटाच्या चार बोटं वर, दोन्ही हाडं मुठीत घट्ट दाबून धरावा. आता मनगट वर-खाली करा, होतं. बाजूला करा, तेही थोडं होतं. पण किल्ली फिरवून पाहा. फिरत नाही. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात, कारण मनगट तर मोकळं आहे! फिरणारी गोष्ट मनगटाच्या मागे होती, आणि तीच मित्राने पकडून ठेवली.

ते दाखवायला पुठ्ठ्याच्या वीस सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या पुरतात. एक अल्ना, एक रेडियस. दोन्हींची वरची टोकं सुतळीने सैल बांधायची. पंजाचा तुकडा चिकटवायचा तो फक्त रेडियसच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या पट्टीच्या खालच्या टोकाला. अल्नाचं खालचं टोक रेडियसच्या खालच्या टोकाला सैल फासाने बांधायचं. तळवा वर असताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर दिसतात. अल्ना स्थिर धरून पंजा पालथा करा. रेडियस अल्नाला ओलांडून पलीकडे जाते आणि पट्ट्यांची फुली होते. आपल्या हातात हे दिवसभर चालू असतं: चपाती उलटताना, नळ फिरवताना, पत्ते पिसताना. एका हाताने दुसरा हात कोपराजवळ धरून तळवा उलटसुलट केला, तर आतलं हाड फिरताना बोटांखाली जाणवतंही.

याच पट्ट्या आता पायाला लावून पाहा, असं मुलं स्वतःच म्हणतात. पायातही दोन हाडं आहेत, मग पाऊल असं का पालथं होत नाही? नडगी आणि फिब्युला एकमेकांना ओलांडत नाहीत. ती जवळजवळ घट्ट बांधलेली असतात, आणि शरीराचा भार बहुतांश नडगीवरच असतो. ज्यावर उभं राहायचं ते फिरकं असून चालत नाही. पुठ्ठ्याच्या पायात ही दोन हाडं टेपने दोन्ही टोकांना पक्की चिकटवली, की झालं.

“नाही” म्हणण्याच्या चिठ्ठीला ती रिकामी रिंग असते. मानेच्या सात मणक्यांतला पहिला मणका कडं असावं तसा पोकळ असतो, आणि दुसऱ्या मणक्यातून वर आलेली खुंटी त्या कड्यात शिरते. डोकं डावी-उजवीकडे वळतं, त्यातलं साधारण निम्मं वळण या एका जागी होतं. जाड मार्कर उभा धरून त्यावर रिंग फिरवली, की मुलांना कळतं. “हो” म्हणताना मात्र कवटी पहिल्या मणक्यावर डुलते. हे दोन सांधे एकमेकांवरच आहेत आणि अपेक्षेपेक्षा खूप वर, जवळजवळ कानांच्या पातळीला आहेत. मुलं मानेचा सांधा दाखवताना हात शर्टाच्या कॉलरपाशी नेतात.

सांधा कुठे आहे याबद्दलचा हा गोंधळ खरं तर सगळ्या खेळाचा गाभा आहे, आणि मुलं शिकली की नाही तेही यावरूनच तपासता येतं. खेळाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला कोऱ्या कागदावर माणसाची बाह्याकृती द्यावी आणि शरीर जिथे जिथे वाकतं तिथे टिंबं द्यायला सांगावं. नावं विचारू नयेत. आठवड्याने तोच कागद पुन्हा द्यावा. पहिल्या कागदावर पायाचं टिंब बहुधा कंबरेवर असतं, जिथे पँटचा पट्टा येतो तिथे. खुब्याचा सांधा त्याच्या बराच खाली आहे. मांडी वर उचलली, की जांघेत जिथे घडी पडते त्या घडीच्या मागे खोल. मांडीचं 34 सेंटिमीटरचं हाड मांडीवर ठेवलं तेव्हा ज्यांना आश्चर्य वाटलं होतं, त्यांचं टिंब दुसऱ्या कागदावर खाली उतरतं. दुसरी खूण बोटांची. तळहाताच्या बाजूने पाहिलं, तर बोट जिथे तळहाताला चिकटतं तिथे ते संपल्यासारखं वाटतं. पण मूठ वळून पाहा. बोट गाठीपाशी वाकतं, आणि ती गाठ तळहाताच्या बऱ्याच आत असते. म्हणजे बोटाची हाडं दिसतात त्यापेक्षा लांब असतात. एखाद्या मुलाने आठवड्याने बोटाचं टिंब तळहातात उतरवलं, तर त्याला नावं आठवली नाहीत तरी चालेल, असं माझं मत आहे.

शेवटी कुणीतरी विचारतंच, “बाई, एकूण हाडं किती?” पुस्तकात 206 लिहिलेलं असतं आणि ते मोठ्या माणसांसाठी बरोबर आहे. त्यातली 106 तर दोन हात आणि दोन पावलांतच आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र एक ठरावीक आकडा सांगता येत नाही. नवजात बाळात तीनशेच्या आसपास हाडं असतात, आणि ती वाढत्या वयात एकमेकांत जुळत जातात. नवव्या वर्षी कंबरेच्या हाडाच्या प्रत्येक बाजूचे तीन भाग अजून मधल्या कूर्चेने जोडलेले असतात. माकडहाडाच्या वरचे पाच मणकेही एक झालेले नसतात. लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो, तिथूनच मुलाची उंची वाढते. मनगटातल्या आठ बारक्या हाडांपैकी करंगळीकडचं वाटाण्याएवढं एक हाड तर काही मुलांत या वयात क्ष-किरणांत दिसतही नाही, कारण ते अजून कूर्चेचंच असतं. म्हणूनच हाताच्या क्ष-किरण चित्रावरून वयाचा अंदाज बांधता येतो. 16 वर्षांखालच्या क्रिकेटसाठी मुलांचं वय तपासताना बीसीसीआय हीच पद्धत वापरतं. हे ऐकल्यावर वर्गातले निम्मे जण आपापलं मनगट चाचपू लागतात.

पुठ्ठ्याला जे जमत नाही, तेही स्पष्ट आहे. दोन मणक्यांमध्ये थोडी आणि चोवीस मणक्यांत मिळून पुष्कळ अशी कण्याची लवचीक हालचाल त्यात येत नाही. श्वास घेताना बरगड्या वर-बाहेर कशा जातात, तेही नाही. पिंजऱ्याचा तुकडा एकसंध असतो, आणि त्याचे तुकडे केले तर तो शर्यतीत टिकत नाही. स्नायू नसल्यामुळे हाड ओढतं कोण, हा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी दुसरा तास हवा.

गुडघ्याच्या वाटीचा घोळ मात्र याच तासात सोडवता येतो. दुसऱ्या दिवशी वाटीचा गोल तुकडा मिळालेलं मूल हमखास अडतं. मांडीला चिकटवावा, तर पाय वाकवल्यावर तो वर राहतो. नडगीला चिकटवावा, तर पाय सरळ करताना तो आडवा येतो. ही वाटी कुठल्याच हाडाला सांध्याने घट्ट जोडलेली नसते. मांडीच्या पुढच्या स्नायूतून नडगीकडे जाणाऱ्या जाड कंडरेत ती बसलेली असते, आणि पाय वाकला की मांडीच्या हाडाच्या खोबणीवरून सरकते. म्हणून तिला मधोमध दोन भोकं पाडून सुतळीत ओवायचं. सुतळीचं एक टोक मांडीच्या वरच्या भागात बांधायचं, दुसरं नडगीच्या वरच्या टोकाला. मग मुलांना पाय लांब करून बसायला सांगायचं, पाय अगदी सैल सोडायचा आणि वाटी दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायची. ती सहज हलते. आता मांडी आवळून पुन्हा हलवून पाहायची. हलत नाही, कारण सुतळी आता ताणलेली आहे. एकदा हे केलं, की पुढच्या डावात वाटी कुणी चिकटवत नाही. पिशवीतून ती हाताला लागली, की मूल आधी सुतळी मागतं.